चार की आठ

नाव : आरती श्रीमंत दरंदले. वय : एकोणतीस. शिक्षण : एम.एस्सी. गणित. हुद्दा : विभागप्रमुख, शंकानिरसन विभाग, श्रीरामपुरातला एक खासगी क्लास. कार्यक्षेत्र : संपूर्ण तालुका व लगतचा परिसर, जिथवर रेंज येते तिथवर. कामाचे स्वरूप : विद्यार्थ्यांनी मोबाईलवर पाठवलेल्या वहीच्या फोटोतील गणिते सोडवून परत पाठवणे.

फोटोंचं म्हणाल तर त्यात गणित कमी आणि अंगठाच जास्त. पण आरतीला खरी गोडी आकड्यांची. चौथीपर्यंत मराठी आकडे गिरवायचे आणि पाचवीत सेमीला गेलं की इंग्रजी, अशी ही पोरं. हात मात्र दोन्ही शाळांत अडकलेला. मराठी एक इंग्रजी नवासारखा दिसतो. इंग्रजी आठाचं वरचं तोंड उघडं राहिलं की त्याचा मराठी चार होतो. गेल्या वर्षी पूजा नावाच्या मुलीनं भिंतीला टेकवलेली १२ मीटरची शिडी पाठवली होती. आरतीनं ती 92 वाचली आणि नव्वद मीटरच्या वर चढून बिनचूक उत्तर काढलं. पूजानं ते निमूटपणे वहीत उतरवलं. शिडी एवढी उंच कशी, असं दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

तेव्हापासून उत्तराच्या आधी एक ओळ ठरलेली : "मी आकडा असा वाचला आहे."

घोडेगावच्या निकिताच्या गणितालाही ती ओळ होती. समीकरण होतं x² − 9x + 1… = 0, आणि एकाच्या पुढे ते उघड्या तोंडाचं चिन्ह. आरतीनं फोटो मोठा केला. प्रश्नक्रमांकातला 8 गच्च बंद होता. तारखेतला ४ मराठी होता, हुबेहूब तसाच उघडा. म्हणजे चार. पण फळ्यावरून घाईत उतरवलेला आठही असाच होतो. सोडवून पाहिलं, तर 14 धरलं की 2 आणि 7. 18 धरलं की 3 आणि 6. दोन्ही उत्तरं सरळ, दोन्ही शहाण्यासारखी. गणित स्वतःहून साक्ष द्यायला तयार नव्हतं. याची तिला फार गंमत वाटली.

तिनं लिहिलं : "शेवटचा आकडा फोटोत स्पष्ट नाही. तारखेतल्या चारवरून मी 14 धरलं आहे. वहीत 18 असेल तर खालचं दुसरं उत्तर घे." आणि दोन्ही रीती लिहून पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी क्लासचे मालक आप्पासाहेब टेबलाशी आले.

"आरती मॅडम, निकिताचे वडील पाच वाजता येतायत. म्हणे, तुमच्या मॅडमला आकडे वाचता येत नाहीत. त्यांच्यामागं घोडेगावची नऊ पोरं आहेत. ती गेली तर या टेबलाचं काय करायचं, ते मला बघावं लागेल."

"सर, आकडाच दोन तऱ्हेनं वाचता येतो."

"डॉक्टर म्हणतो का, ताप धरून औषध देतोय?"

"चांगला डॉक्टर म्हणतो, सर."

आप्पासाहेबांनी पंखा वाढवला.

पाचला निकिताचे वडील भिमाजी आले. घोडेगावच्या बाजारात म्हशींचा व्यवहार करणारा माणूस. हातात मुलीची कच्ची वही.

"मॅडम, तुमीच लिवलंय, आकडा कळत न्हाई. मंग पोरगी कुनाला इचारायची?"

आरतीनं वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "काका, तुम्हीच वाचा. काय आहे हे?"

भिमाजींनी वही लांब धरली, जवळ धरली. "चार हाय." मग पुन्हा लांब धरून, "आठबी आसंल."

"मग मी काय करावं?"

भिमाजींनी वही टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "बाजारात आमी बी तसंच करतो. म्हैस दुसऱ्या वेताची, म्हंजी दोनदा व्यालेली, धरून बोलतोय, तिसऱ्याची निघाली तर बोलनं मोडलं. आधी बोललं म्हंजी भांडान न्हाई. न बोलता घेतो त्यो येडा."

"पोरीला विचारलंत का?" आप्पासाहेबांनी पहिल्यांदाच कामाचा प्रश्न केला.

"तिला कशाला इचारू? म्या मोबाईल बघितला आन् निघालो."

भिमाजींनी तिथूनच फोन लावला. निकिताचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "अण्णा, अठराच हाय ते. मॅडमची वरची वळ वाचली आन् वहीत बघितलं, तर माझाच आठ उघडा. मैत्रिणीला इचारून खात्री केली, दुसरं उत्तर पक्क्या वहीत लिवलं. शाळेत सरांनी बरोबर दिलंय. तुमी तिकडं कशाला गेलाय?"

म्हणजे आरतीनं धरलेलं 14 चुकलंच होतं. तिनं वहीवरचा तो आठ पुन्हा निरखून पाहिला. अजूनही तो तिला चारच दिसत होता.

भिमाजी उठले. "बाकीची पोरं ऱ्हाऊ द्या इथंच. आन् मॅडम, त्या वळीखाली रेघ मारत जावा, आमच्यासारख्याला दिसत न्हाई."

संध्याकाळी आप्पासाहेबांनी सहीशिक्क्याचं परिपत्रक काढलं : शंकानिरसन विभागातील सर्व कर्मचाऱ्यांनी यापुढे आकडा संदिग्ध असल्यास आपले गृहीत उत्तरापूर्वी नमूद करावे, व त्याखाली रेघ मारावी.

विभागात आरती एकटीच होती.