भेज्याची पहिली प्लेट

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. सासऱ्यांनी तिला मागच्या खोलीतून उठवून पुढे वजनकाट्यावर बसवलं होतं आणि तिच्या जागी धाकट्या जावेला उभं केलं होतं. तिची जागा, तिची सुरी, तिचा ॲप्रनसुद्धा. का, ते सांगणं नाही, विचारणं नाही. "उद्यापासून तू पुढे बस," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून सुऱ्यांना धार लावायला लागले. आता याला काय म्हणायचं?

दुकान मटणाचं. पुढे थोरलीचा नवरा आणि दीर बोकड फोडत, मागे एक लांब दगडी ओटा, दोन नळ आणि शेगडी. त्या मागच्या खोलीत भेजा, जीभ आणि गळ्यातल्या पांढऱ्या गाठी साफ व्हायच्या. दुपारी तव्यावर भेजा परतला जायचा आणि त्याच्या प्लेटा बाजूच्या खिडकीतून विकल्या जायच्या. थोरली लग्न होऊन आली तेव्हा भेजा हातात घ्यायलाही घाबरली होती. सासू तेव्हा जिवंत होती, तिने शिकवलं. पुढे पुढे तर लांबून लोक विचारत यायचे की वहिनी आज आहेत ना, मगच पिशवी पुढे करायचे.

हात होता तिचा, हे तिच्या शत्रूलाही कबूल करावं लागेल. भेजा थंड मिठाच्या पाण्यात भिजत ठेवायची, रक्त उतरलं की पाणी बदलायची. मग पाण्याखालीच धरून, अंगठ्याच्या टोकाने वरचा पातळ पापुद्रा आणि त्यातलं लाल शिरांचं जाळं अलगद सोडवायची. हाडाची कपची राहिली नाही ना, ते बोटांनी चाचपायची. वाहत्या नळाखाली धरला की भेजा फाटतो, म्हणून नळ बंद. मग हळद-मिठाच्या पाण्यात मंद आचेवर जरा घट्ट करून घ्यायचा, की तव्यावर त्याचा चुरा होत नाही. जीभ मिठाने खसाखसा घासून मऊ शिजवायची आणि हात भाजत असतानाच तिची खरखरीत साल ओढून काढायची. थंड झाली की साल चिकटून बसते आणि मांस घेऊन निघते. गाठी तर कोवळ्या जनावराच्याच घ्यायच्या, कारण वय वाढलं की ती गाठ सुकून जाते. त्या पाणी बदलत बदलत पांढऱ्या होईपर्यंत भिजवायच्या, एक उकळी देऊन थंड पाण्यात टाकायच्या, मग वरची चरबी आणि पडदा सोलायचा. यात घाई करणाऱ्याने दुसरं काम बघावं.

दुकानात एक रीत होती. गिऱ्हाइकाला देण्याआधी पहिली प्लेट सासऱ्यांच्या पुढ्यात. त्यांनी चाखून मान हलवली, तरच खिडकी उघडायची. थोरलीच्या वेळी ते चाखत वगैरे नसत, अख्खी प्लेट फस्त करत. बोलायचे कमी, पण एखाद्या दिवशी म्हणायचे, "पोरीच्या हाताला काहीतरी आहे." तेवढ्यावर तिचे चार दिवस छान जायचे. सख्ख्या बापाने कधी असं म्हटलं नव्हतं.

मग सासऱ्यांच्या छातीत कळ आली. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद सापडली, ती उघडून आत जाळी बसवली. डॉक्टरीणबाईंनी पथ्य सांगायला बोलावलं तेव्हा थोरलीच गेली, कारण तिचा नवरा सबंध बोकड सोलतो, पण दवाखान्याचा वास आला की पांढराफटक पडतो.

"घरी काय खाता?" बाईंनी विचारलं.

थोरलीने खरं ते सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"रोज भेजा? अहो, एका अंड्यात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्ट्रॉल असतं. शंभर ग्रॅम भेज्यात ते दोन हजारांच्या घरात जातं. मांसाच्या दुकानात त्याच्यावर दुसरं काही नाही."

"आणि जीभ?"

"जिभेत त्या मानाने पुष्कळ कमी, पण चरबी भरपूर. कधीतरी दोन तुकडे. गाठीत जिभेपेक्षा जास्त, आणि बाबांच्या पायाच्या अंगठ्याला सूज येते ना? युरिक ॲसिड वाढलेल्याने गाठीच्या वाटेलाच जाऊ नये."

"मग आमची गिऱ्हाइकं?"

"धडधाकट माणसाने महिन्यातून एखादवेळी खाल्लं तर आभाळ कोसळत नाही. शरीर स्वतःही कोलेस्ट्रॉल बनवतं, सगळ्यांचं काही खाण्यानेच वाढत नाही. पण हृदयाचा त्रास, मधुमेह, घराण्यातच कोलेस्ट्रॉल जास्त असलेली माणसं, यांनी हात आखडता घ्यायचा. बाबांना भेजा बंद. अगदीच राहवलं नाही तर जिभेला लावण्यापुरता."

घरी येऊन थोरलीने सगळं जसंच्या तसं सांगितलं. सासरे ऐकत होते. नंतरच्याच आठवड्यात त्यांनी तिला पुढे बसवलं. तिला वाटलं, डॉक्टरचं सांगितलं म्हणून राग धरला म्हाताऱ्याने. नाहीतर धाकटीने कान भरले असणार. धाकटी गोड बोलायची, "बाबा, बाबा" करत पाणी नेऊन द्यायची. असल्या पाणी देणाऱ्या पोरींचा थोरलीला पहिल्यापासून राग.

आणि धाकटीचं काम? बघवत नव्हतं. जीभ ताटात काढून ठेवायची, मग फोनवर आईशी बोलायची, मग गार जीभ खरवडत बसायची. निम्मं मांस सालीबरोबर मोरीत. भेज्याचे तुकडे, गाठी अर्धवट लाल. थोरली काट्यावरून मान लांब करून बघायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चार वाजता धाकटी पहिली प्लेट घेऊन जायची. सासरे चमच्याच्या टोकाने नखाएवढा घास घ्यायचे, मान हलवायचे, प्लेट परत सारायचे. खिडकी उघडायची. ना एक शब्द, ना एक चूक काढली. थोरलीकडून पापुद्र्याचं एक टोक राहिलं असतं तर दुकान डोक्यावर घेतलं असतं.

ती एका वेगळ्याच कामाला लागली. डॉक्टरीणबाईंचं ज्ञान होतंच पदरी. वजन करता करता म्हणायची, "काका, प्लेट घेताय? तुमची बायपास झालीय ना? दोन हजार कोलेस्ट्रॉल असतं हो त्यात." शिंप्याला म्हणाली, "तुमचा अंगठा सुजतो, गाठी नका नेऊ." सांगत होती ते सगळं खरं होतं, आणि लोक वहिनींना दुवा देत साधं मटण घेऊन जायचे. खिडकीवर प्लेटा उरायला लागल्या. धाकटीचा चेहरा उतरला की थोरलीला जेवण गोड लागायचं. माणसाच्या भल्याचं बोलूनही माणूस किती वाईट असू शकतो, ते तिच्याकडे बघून कळलं असतं.

एका दुपारी धाकटी दाढ काढायला गेली. "ताई, भेजा भिजत घातलाय, आज राहू दे खिडकी बंद," असं सांगून गेली. थोरलीने नवऱ्याला काट्यावर बसवलं आणि ती मागे शिरली.

आपला ॲप्रन बांधला. हात पाण्यात गेले आणि तिला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. एकच भेजा घेतला, एकही शीर ठेवली नाही. भेजा अख्खा निघाला, पांढरा, जाळ्याविना. घट्ट करून घेतला, लोण्यात मिरपूड घालून तव्यावर परतला. एक घास देऊ फक्त, ती मनाशी म्हणाली, जिभेला लावण्यापुरता. म्हाताऱ्याला कळू दे फरक. पण प्लेट मात्र भरून घेतली.

सासऱ्यांनी प्लेटकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ही कुठे गेली?"

"दाढ काढायला. चाखून तर बघा, बाबा."

"घेऊन जा ते."

थोरली हलली नाही. तिला माहीत होतं प्लेट उचलायला हवी, डॉक्टरीणबाईंचं वाक्य न् वाक्य पाठ होतं, तरी ती तिथेच उभी राहिली. सासऱ्यांनी चमचा घेतला. नखाएवढा घास घेतला. मग मोठा घेतला. मग ते थांबलेच नाहीत. मान खाली घालून, भराभर, कोणी हिसकावून घेईल की काय असे खात राहिले, आणि शेवटी बोटाने प्लेट पुसून घेतली. उठून भिंतीला धरत घरात गेले आणि दार लावून घेतलं.

धाकटी आली तेव्हा एक गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. तिने ओट्यावरची रिकामी प्लेट बघितली, तवा बघितला. बोळा काढून हातात घेतला.

"बाबांनी खाल्ला?"

"हो. सगळा." थोरलीच्या आवाजात नको तेवढा आनंद होता. "तुझी प्लेट परत येते ना रोज."

"येणारच. म्हणून तर मला ठेवलंय इथे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, ताई? चाखल्याशिवाय ते विकू देत नाहीत, आणि तुमच्या हातचं असलं की त्यांना थांबता येत नाही. मला तोंडावर सांगितलं बाबांनी. म्हणाले, तुझ्या हातचा एका घासात पुरे होतो, म्हणून तू कर. थोरलीला सांगू नकोस, ती मुद्दाम वाईट करायला बघेल आणि तिला ते जमायचं नाही." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दाढेचं नव्हतं. "हे ऐकून रोज चार वाजता मी प्लेट घेऊन जाते. तुम्हाला वाटतं मी तुमची जागा घेतली. एक दिवस तरी त्यांनी माझी प्लेट संपवावी म्हणून मी मरते, आणि संपवू नये म्हणूनही."

थोरलीला पहिल्यांदा झाला तो आनंदच. लख्ख, निलाजरा आनंद, की म्हाताऱ्याला आपल्यावाचून राहवत नाही. तो पुरता वर येईपर्यंत तिला बंद दार दिसलं, आणि त्यामागचा खोकला ऐकू आला. तिने घाईने जाऊन दार वाजवलं.

"बाबा, छातीत दुखत नाही ना?"

"नाही," आतून आवाज आला. "तू पुढे जाऊन बस."

तिने ॲप्रन सोडला आणि धाकटीच्या हातात दिला. उरलेला भेजा पाण्यात तसाच होता. "याचा पापुद्रा काढू का मी?" असं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. काट्यावर जाऊन बसली, नवऱ्याला उठवलं. मागून धाकटीने नळ सोडल्याचा आवाज आला. वाहत्या नळाखाली भेजा फाटतो, हे थोरलीला माहीत होतं. ती बसून राहिली आणि तिने तो फाटू दिला.