दहापैकी दहा

सर कंपनी कायदा शिकवायचे आणि सगळे त्यांना ‘नमुना सर’ म्हणायचे. त्यामागे कारण होतं. संध्याकाळच्या त्यांच्या वर्गात दिवसभर नोकरी करून दमलेली मंडळी यायची. त्यांना जाडजूड पुस्तकं वाचायला वेळ नसायचा. सर प्रत्येक प्रश्नाचं नमुना उत्तर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहून काढायचे, आणि खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याच्या प्रती निघायच्या. उत्तर पाठ केलं की पास. सरांची तशी ख्यातीच होती, आणि खरं सांगायचं तर ती त्यांना फार आवडायची. नापास झालेला विद्यार्थी भेटला तर ते आधी विचारायचे, “माझंच लिहिलं होतंस ना?”

त्यांच्या आवडीचा एक प्रश्न होता. एका बाईच्या नावावर शेअर आहेत. नातेवाईक कपाटातून प्रमाणपत्र काढतो, हस्तांतराच्या अर्जावर तिची खोटी सही ठोकतो आणि शेअर विकून टाकतो. कंपनी बाईला पत्र पाठवते की तुमचे शेअर अमक्याच्या नावे करण्याचा अर्ज आला आहे, हरकत असल्यास कळवा. बाई उत्तर देत नाही. कंपनी खरेदीदाराचं नाव चढवते. पुढे बाई जागी होते. कंपनी तिचं देणं लागते का?

सरांचं नमुना उत्तर ठाम होतं. खोट्या सहीला किंमत नाही हे खरं, पण कंपनीने विचारलं तेव्हा बाई गप्प बसली. आता ती तोंड उघडू शकत नाही. कंपनी सुटली.

सराव परीक्षेत हा प्रश्न पडला. सगळ्यांनी सरांचंच उत्तर उतरवलं. एकट्या ‘वकिला’ने नाही. हा वकील म्हणजे खरा वकील नव्हे, खालच्या त्या झेरॉक्सच्या दुकानातलाच माणूस, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. फार वाद घालायचा म्हणून वर्गाने त्याला हे नाव चिकटवलेलं. त्याने लिहिलं होतं की कंपनी पत्र पाठवते ते स्वतःच्या काळजीपोटी. त्याला उत्तर देणं बाईला बंधनकारक नाही. नुसतं उत्तर दिलं नाही म्हणून तिचे शेअर जात नाहीत. कंपनीने तिचं नाव परत लावलंच पाहिजे.

सरांनी त्याला शून्य दिलं. वर भर वर्गात म्हणाले, “महाशय न्यायाधीश व्हायला निघालेत. आधी पास व्हा.” वर्ग खो खो हसला. वकीलही हसला, पण कान लाल झाले होते.

घरी गेल्यावर सरांना चैन पडेना. सहज म्हणून त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरचं जुनं पुस्तक काढलं आणि ते प्रकरण उघडलं. वकिलाचा शब्दन् शब्द बरोबर होता. कुठल्यातरी वर्षी सरांनी स्वतःच्या अंदाजाने एक ओळ लिहिली होती आणि पुढे पुस्तक उघडायची तसदीच घेतली नव्हती.

उद्या वर्गात सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं आणि सरळ पुढचाच धडा सुरू केला. मुख्य परीक्षा तोंडावर होती. आता सांगितलं तर बाकीच्या उत्तरांवरचा विश्वासही उडेल, पोरं गडबडून जातील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे त्यांना लाज वाटत होती, एवढंच. परीक्षा झाली. तोच प्रश्न आला. पोरं खुशीत होती आणि सर मात्र कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

एका संध्याकाळी पहिल्या बाकावरची मुलगी त्यांना जिन्यात भेटली. एका दुकानात हिशेब लिहायची, अक्षर मोत्यासारखं. सराव परीक्षेत तिला दहापैकी दहा होते.

“सर, तुमचे उपकार झाले,” ती म्हणाली. “आमच्या मावशीचं अगदी तुमच्या प्रश्नासारखंच झालंय. तिच्या दिरानं खोटी सही करून तिचे शेअर विकले. कंपनीचं पत्र आलं होतं, पण काका आजारी होते, तिनं ते फोडलंच नाही. ती कंपनीत भांडायला निघाली होती. मी तिला तुमचं उत्तर वाचून दाखवलं.”

“मग?” सरांनी कसंबसं विचारलं.

“मग काय, समजूत पटली तिची. उद्या दीर थोडे पैसे देतोय. विक्री माझ्या संमतीनंच झाली, असं तिनं लिहून द्यायचं. निदान हाती काहीतरी लागेल.”

“बरं,” सर म्हणाले. आणि या ‘बरं’बद्दल त्यांनी घरी येऊन स्वतःला हव्या तेवढ्या शिव्या दिल्या. एकदा का तिने तसं लिहून दिलं की खोटी सही खरी ठरणार आणि कंपनीही हात झटकणार.

सकाळी पत्ता शोधत ते मावशीच्या दारात उभे राहिले. आत टेबलापाशी दीर बसला होता. समोर लिहून आणलेला कागद, त्यावर पेन. आणि शेजारी भाचीची उत्तरपत्रिका. लाल शाईतले दहापैकी दहा वर येतील अशी नीट घडी घातलेली.

“सर, तुम्ही?” भाची आतून पुढे आली. “या, या!” दीर हसत उठला. “वहिनींना तेच सांगतोय. खुद्द सरांनीच दहापैकी दहा दिलेत, आता आणखी कुणाला विचारायचं?”

सरांनी चप्पलही काढली नाही. “सही करू नका, बाई,” ते म्हणाले. “मी चुकलो. ते उत्तर साफ चूक आहे.”

भाची बघतच राहिली. सर उभ्या उभ्या सांगत गेले. खोट्या सहीने तुमची मालकी जात नाही. पत्राला उत्तर दिलं नाहीत, तरीही नाही. कंपनीने तुमचं नाव परत चढवायचं, बुडालेला लाभांश द्यायचा. कंपनीचं जे नुकसान होईल ते कंपनीने खोटा अर्ज दाखल करणाऱ्याकडून वसूल करायचं. तो वसूल करणारा हात शेवटी कुणाच्या मानेपर्यंत येणार हे दिराला न सांगताच कळलं. तो कागद उचलून निघून गेला.

मावशीने टेबलावरचं पेन बाजूला सारलं. मग म्हणाली, “ते पत्र फोडलं नाही म्हणून रोज स्वतःला कोसत होते मी. नवऱ्यानं पै पै जमवून घेतलेले, आणि मी आळसानं घालवले. तुमच्या उत्तरानं तर शिक्काच मारला होता.”

“चूक माझी होती,” सर म्हणाले.

“तुम्हाला कळलं कधी?”

सरांना खोटं बोलता आलं असतं. “परीक्षेच्या आधी,” ते म्हणाले.

“आणि गप्प बसलात?”

भाचीने उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि दहावर काट मारली.

मावशीबरोबर ते स्वतः कंपनीच्या शेअर खात्यात गेले. तिथल्या माणसाने जुनी नमुना सही आणि अर्जावरची सही शेजारी ठेवली, भुवया उंचावल्या आणि साहेबांना बोलावलं. थोडे हेलपाटे पडले, पण मावशीचं नाव परत लागलं.

त्या रात्री सरांनी नवं उत्तर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. वकिलाने कागद काचेवर ठेवता ठेवता वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला.

“सर, मी हेच लिहिलं होतं,” तो हळूच म्हणाला.

“हो. तुझंच बरोबर होतं. माझं चुकलं.”

“मुख्य परीक्षेत मात्र तुमचं लिहिलं,” वकील म्हणाला. “म्हटलं, मी कोण शहाणा लागून गेलो? सरांचंच बरोबर असणार.”

वकिलाने मशीनचं झाकण लावलं.

“किती प्रती काढू?” त्याने विचारलं.

सरांना आकडा सांगता येईना. आजवर ते उत्तर किती जणांनी नेलं, आणि कुणी कुणाला वाचून दाखवलं, हे त्यांना माहीतच नव्हतं.