फाटकापलीकडची कॉलनी

माझं काम लोकांना समजावून सांगायला सोपं आहे. एखादं अग्निशमन केंद्र घ्यायचं आणि तिथून निघालेली गाडी पंधरा मिनिटांत कुठवर पोचेल ते नकाशावर काढायचं. भोपाळात शहर-नियोजनाची कामं घेणाऱ्या एका छोट्या कचेरीत मी हे करते. नकाशावर केंद्राभोवती गोल काढून भागत नाही, कारण गाडी कावळ्यासारखी सरळ उडत जात नाही. ती रस्त्यानं जाते. म्हणून रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याची लांबी आणि त्यावर अवजड गाडीला मिळणारा वेग, यावरून त्या तुकड्याला लागणारा वेळ काढायचा. दुभाजक कुठे फुटतो, एकेरी रस्ता कुठला, बोळ किती रुंद, हे सगळं भरायचं. मग संगणक केंद्रापासून फांद्याफांद्यांनी बाहेर जात वेळ मोजत राहतो आणि पंधरा मिनिटं संपली की थांबतो. तिथवरचा भाग आम्ही हिरवा रंगवतो.

मिसरोदच्या बाजूला शहर झपाट्यानं वाढलं, तेव्हा तिकडे एक नवं अग्निशमन केंद्र व्हायचं ठरलं. जागा दोन होत्या. एक होशंगाबाद रोडला लागून, दुसरी रेल्वेलाईनच्या पलीकडे, जरा आत. कुठल्या जागेवरून जास्त लोक पंधरा मिनिटांच्या आत येतात, तेवढं आम्ही सांगायचं होतं.

त्या पलीकडच्या भागात एक जुनी कॉलनी आहे आणि तिथे काका राहायचे. सख्खे काका नव्हेत. माझे आजोबा आणि त्यांचे वडील राजधानी हलली तेव्हा एकाच कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. बाबा आणि काका इथेच वाढले, दोघंही सरकारी नोकरीत कारकून झाले आणि एकाच वर्षी रिटायर झाले. बाबांनी कोटरा सुल्तानाबादमधलं घर सोडलं नाही. काकांनी मात्र फंडाच्या पैशात रेल्वेफाटकापलीकडे स्वस्तात प्लॉट घेऊन घर बांधलं, आणि पुढची खोली पुस्तकांना दिली. मराठी पुस्तकं, मासिकं, जुने दिवाळी अंक. शहरातल्या आपल्या लोकांकडून मागून, रद्दीतून उचलून आणलेले. फाटलेले अंक ते स्वतः शिवायचे, खळ लावून पुठ्ठा चिकटवायचे. दर रविवारी दुपारी चार-पाच म्हातारी मंडळी तिथे जमायची. काकू चहा करून करून दमायच्या. लहानपणी मराठी वाचायला मी काकांकडेच शिकले, कारण शाळा हिंदी होती आणि बाबांना धीर नव्हता.

रोडवरच्या जागेचा पहिला नकाशा काढला तेव्हा कॉलनी हिरव्यात आली होती. मला बरं वाटलं. पण तो नकाशा ढोबळ होता. ढोबळ काढताना संगणक गाडी पोचलेल्या टोकांवरून बाहेरची रेघ सरसकट ओढतो, आणि दोन फांद्यांच्या मधली न पोचलेली जागाही आत घेतो. रेल्वेलाईनच्या दोन्ही अंगांना गाडी लांबवर पोचत होती, त्यामुळे मधली कॉलनी फुकटात आत आली होती. शिवाय फाटकावर थांबायला लागणारा वेळ मी अजून भरलाच नव्हता.

मी तो भरला. सरासरी थांबा म्हणून फाटकाच्या जागी काही मिनिटं टाकली, रेघ रस्त्यांना चिकटून ओढायला सांगितली आणि गणित पुन्हा लावलं. हिरवा रंग फाटकाशी येऊन थांबला. कॉलनी बाहेर गेली. काकांची गल्ली मी नकाशावर मोठी करून पाहिली. तिथे रंग नव्हता.

दुसऱ्या जागेवरून कॉलनी सहज आत येत होती. पण मग होशंगाबाद रोडवरच्या मोठमोठ्या सोसायट्या, शाळा, दवाखाने यातलं बरंच बाहेर जात होतं. आत येणारी माणसं मोजली तर पहिली जागा स्पष्टपणे सरस होती. माझा स्वतःचा फ्लॅट त्या सोसायट्यांपैकी एका सोसायटीत आहे. हे मी साहेबांना सांगितलं.

ते म्हणाले, "तो क्या हुआ? नंबर तो वही रहेंगे ना?"

"वही रहेंगे, सर."

"तो फिर लिख दो."

मी लिहिलं. त्यात काही खोटं नव्हतं.

जागा जाहीर झाल्यावर पुढच्या रविवारी बाबांना घेऊन मी काकांकडे गेले. काका एका अंकाला पुठ्ठा लावत होते. मी त्यांना सरळ सांगितलं, "काका, नवीन स्टेशन रोडवर होतंय. तुमची कॉलनी पंधरा मिनिटांत येत नाही. फाटक आडवं येतं."

काकांनी वर पाहिलं. "मग कितीत येते?"

"फाटक बंद असलं तर वीसच्या वर जाईल."

"आतापर्यंत तर गाडी पार शहरातून यायची पोरी. अर्ध्या तासाच्या आत कधी आली नाही. म्हणजे फायदाच झाला न आमचा." ते हसले आणि बाबांकडे वळून म्हणाले, "तुह्या पोरीनं आपल्याले नकाशाच्या बाहेर काढलं बापा."

बाबाही हसले. चहा आला. मी पण हसले, पण जाताना दाराशी उभी राहून पुढच्या खोलीतल्या वायरी पाहिल्या. एकाच बोर्डावर पंखा, ट्यूब आणि काकूंची इस्त्री होती. "काका, हे जरा इलेक्ट्रिशियनला दाखवा," मी म्हटलं. "दाखवतो," ते म्हणाले.

केंद्र सुरू झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती आग लागली. दुपारची वेळ होती, काकू आत निजल्या होत्या. काका दूध घेऊन परत आले तर पुढच्या खोलीच्या खिडकीतून धूर येत होता. काकूंना त्यांनी मागच्या दारानं बाहेर काढलं, शेजाऱ्यानं फोन केला आणि मीटरवरचा मेन पाडला. मग काका, कोणाचं न ऐकता, पुढच्या खोलीत शिरले. दोन कपाटांतली पुस्तकं ओढून काढायचा त्यांचा विचार होता. एक गठ्ठा काढला. दुसऱ्याला हात घातला तेव्हा वरचं लाकडी फळकूट पेटलेलं खाली आलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. बाबा बाकावर बसून होते. शेजाऱ्यानं मला बाहेर घेऊन सगळं सांगितलं. गाडी निघाली लगेच, पण मालगाडीसाठी फाटक पडलेलं होतं. पलीकडून अग्निशमन गाडीची घंटा ऐकू येत होती, पण ती दिसत नव्हती. ती आली तोवर पुढची खोली संपली होती. मागचं घर त्यांनी वाचवलं.

मी आत गेले. काका जागे होते.

"गाडी बरोबर आली पोरी," ते म्हणाले. "तू सांगितलं होतं तेवढ्याच टाइमात."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. त्यांना मनापासून वाटत होतं की आपल्या ओळखीच्या मुलीचं गणित बरोबर निघालं, याचा तिला आनंद होईल. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. पाय तेवढेच उघडे होते, म्हणून पायावर हात ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस मी तो अहवाल पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. एखादी चूक सापडावी असं वाटत होतं. चूक सापडली असती तर मी ती कबूल केली असती, माफी मागितली असती, आणि त्या माफीला काही अर्थ राहिला असता. पण वेग ठीक होते, फाटकाचा थांबा ठीक होता. आम्हाला विचारलं होतं की आत किती येतात. बाहेर कोण राहतं आणि ते किती लांब पडतात, हे कोणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही दाखवलं नव्हतं. नकाशावर बाहेरचा सगळा भाग एकसारखा पांढरा होता. सोळाव्या मिनिटाला असलेला माणूस आणि पंचविसाव्या मिनिटाला असलेला माणूस, दोघंही त्याच पांढऱ्यात.

घरी नवरा म्हणायचा, "तू काय आग लावलीस का?" संध्याकाळी बाल्कनीत कपडे काढताना रोडवरचं केंद्र दिसायचं. लाल गाडी धुऊन ठेवलेली असायची. आमच्या सोसायटीत तोवर तिची गरज एकदाही पडली नव्हती.

मी दुसरा नकाशा काढला. यात आत-बाहेर असं नव्हतं, गाडीला जितका वेळ लागेल तितका रंग गडद होत जायचा. फाटकापलीकडचा पट्टा सगळ्यात गडद निघाला. पाण्याच्या टाकीजवळ तिकडे सरकारी मैदान आहे. तिथे एक छोटी गाडी कायम उभी ठेवली, तर तिला फाटक ओलांडावंच लागणार नाही, आणि बोळांतही ती शिरेल. हे सगळं मांडून मी साहेबांसमोर ठेवलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "यह पहले क्यों नहीं बनाया?"

"किसी ने पूछा नहीं था, सर."

"हाँ," ते म्हणाले. मग म्हणाले, "मैंने भी नहीं पूछा."

प्रस्ताव पुढे गेला, अडकला, पुन्हा निघाला. शेवटी मैदानावर पत्र्याची शेड उभी राहिली आणि छोटी गाडी आली. मी तिथून गणित लावलं. कॉलनी पूर्ण आत होती, काकांची गल्ली तर पाच मिनिटांच्याही आत.

हे सांगायला गेले तेव्हा काकूंचं सामान बांधून होत होतं. काकांच्या बोटांची पकड परत आली नव्हती. शर्टाची बटणं काकू लावून द्यायच्या. त्यांच्या नागपूरच्या मुलीनं दोघांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं आणि घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं.

"चांगलं झालं न पोरी," गाडीबद्दल ऐकून काका म्हणाले. "नवीन लोक येतील, त्यांची लहान लेकरं आहेत."

"तुम्ही इथे असताना व्हायला हवं होतं," मी म्हटलं.

"काहून असं बोलतेस? मी वायर दाखवली असती तर? मी आत गेलो नसतो तर?" मग म्हणाले, "तू सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या."

मला ते मान्य करता आलं नाही आणि नाकारताही आलं नाही. मी काकूंना पेटीची दोरी आवळायला मदत केली.

आता बाबा रविवारी दुपारी त्यांना फोन लावतात. दोघं पेन्शनबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलतात. मग बाबा फोन माझ्या हातात देतात. काका विचारतात, "काय काढते आहेस सध्या?" एका दवाखान्याचं काम चालू आहे, असं मी सांगते. यात वेळ उलटा मोजावा लागतो, लोकांच्या दारापासून दवाखान्यापर्यंत. काका म्हणतात, "बरं बरं." मग मी विचारते की नागपुरात ऊन कसं आहे.