पाचाची गड्डी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मॉप बांधणं. मॉप म्हणजे ऑपरेशनमध्ये पोटातलं रक्त टिपायची गॉझची जाड घडी, कोपऱ्याला नाडी शिवलेली. अकोल्यातल्या एका लहान दवाखान्यात मी थिएटरचा अटेंडंट आणि माझी बायको आया. दुपारी मागच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायचो. पाच घड्या झाल्या की ती वरून पट्टी गुंडाळून गाठ मारायची, झाली एक गड्डी. त्या दिवशी मी तिच्या वरूडच्या भावाला नावं ठेवत होतो, संत्र्याचा बगीचा असून बहिणीला एक पिशवी पाठवत नाही म्हणून.

"बोलू नका जी, मोज चुकते."

"तुही मोज चुकली तं दवाखान्याले टाळंच लागंन."

ती हसली नाही. गाठ मारली, पुढची घडी घेतली. त्याच आठवड्यात ती गेली. छातीत दुखते म्हणाली आणि ऑटो येईपर्यंत खेळ खलास.

तिच्या गड्ड्या मी कपाटात मागं सारून ठेवल्या. वापराव्या वाटेनात. मग एक दिवस माल कमी पडला. बार्शीटाकळीची एक बाई गर्भपिशवीच्या ऑपरेशनला आली होती. त्या बाईसाठी बायकोच्या हातच्या दोन गड्ड्या मी ड्रममध्ये भरल्या, जंतू मरायला वाफवून घेतल्या.

चिरा देण्याआधी मोजायचं असतं. एका सिस्टरनं एकेक वस्तू वेगळी करून मोठ्यानं म्हणायचं, दुसरीनं बघून कागदावर लिहायचं. चिमटे, कात्र्या तशाच मोजल्या. मॉपची पाळी आली तशी थोरल्या सिस्टरनं नुसत्या पट्ट्या सोडल्या, घड्या सुट्या केल्याच नाहीत.

"काकूच्या गड्ड्या हायेत. पाचच असते. लिही, दहा."

धाकटीनं दहा लिहिलं. आमच्याकडं तशी सवयच पडली होती. खरं सांगतो, मला ऐकायला बरं वाटलं.

पोट पुरतं बंद व्हायच्या आधी पुन्हा मोजणी. वापरलेले मॉप मी खाली प्लास्टिकवर पसरून ठेवत होतो. हत्यारं जुळली. मॉप नऊ.

डॉक्टरसाहेबांची सुई थांबली. "परत मोजा."

बादली उलटी केली, टेबलाखाली पाहिलं, चादरी झटकल्या, चपलांचे तळ पाहिले. नऊच.

"सर, एका गड्डीत चारच असतीन," थोरली म्हणाली. "काकूची तब्येत शेवटी शेवटी बरी नव्हती."

तिच्या तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसत होते. ते डोळे पेशंटकडं नव्हते, कागदाकडं होते. धाकटीचं पेन त्या दहाच्या आकड्यावर आलं.

"खोडू नको," मी म्हणालो.

"काका, तुमी मधात बोलू नका," थोरली म्हणाली.

"काहून नाई बोलू? मेलेल्या बाईवर ढकलून राहिल्या तुमी. तुमी मोजलेच कुठं?"

साहेबांनी मान वर केली. "मोजले नाहीत?"

धाकटीनं पेन खाली ठेवलं.

"सर, एक्सरे काढायचा का?" धाकटीनं विचारलं.

"आपल्या मॉपमध्ये एक्सरेत दिसणारा धागा कुठं आहे? हातानंच शोधावं लागेल."

त्यांनी टाका सोडला आणि हात आत घातला. मी त्यांच्या हाताकडं कमी, थोरलीकडं जास्त पाहत होतो. मनात एकच होतं, हिनं सगळं ठरवून माझ्या बायकोच्या गळ्यात मारलं. बाईच्या पोटात काही राहिलं तर ही हात झटकणार.

आतड्यांच्या मागं, वरच्या अंगाला मॉप सापडला. नाडीसकट आत गेलेला, रक्तानं इतका भिजलेला की मांसाहून वेगळा ओळखू येईना. मी तो दहावा म्हणून प्लास्टिकवर ठेवला. साहेबांनी पोट शिवलं. बाई सुखरूप वॉर्डात गेली.

हत्यारं धुताना मी थोरलीला म्हणालो, "पाहा, पाचच होते."

"हो काका. पाचच होते. माहं चुकलं."

मला तेही खरं वाटलं नाही. नोकरी वाचवायला बोलते, असं वाटलं. जाताना साहेब बजावून गेले, बांधलेली प्रत्येक गड्डी आता सोडून मोजायची, कोणीही बांधलेली असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. कपाटात मागं सारलेल्या तिच्या गड्ड्या काढल्या. तिच्या गाठी मीच सोडाव्या, त्या थोरलीनं नको, एवढंच डोक्यात होतं. पाच. पाच. पाच. एका गड्डीत सहा.

परत मोजले. सहाच.

चारची गड्डी बोंब मारते. सहाची गुमान राहते. कागदावर दहा, अकरा आत जातात, दहा बाहेर येतात, कागद जुळतो आणि एक आत ठेवून पोट शिवलं जातं. कोणाला शंकाही येत नाही. ती सहावी घडी खिशात घातली असती तर कोणाला कळलं असतं? दारात कोणी नव्हतं.

थोरली ड्युटीवर येईपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. ती आली तशी ती गड्डी उघडीच तिच्यापुढं ठेवली.

"मोजा."

तिनं मोजले. माझ्याकडं पाहिलं. "काका..."

"मोठ्यानं मोजा," मी म्हणालो.

ती एकेक घडी उचलून मोठ्यानं मोजू लागली. मीही सोबत मोजलं.