तांब्याभर मिठाचं पाणी

अच्छाडच्या नाक्याच्या अलीकडे, हायवेला लागून दिपकशेठचं केळ्याच्या वेफर्सचं दुकान आहे. शेठ गल्ल्यावर बसतो, पण दुकान चालतं ते आपल्या हातावर, असं लडक्याचं ठाम मत होतं. सायवनचा हा गडी एकोणीस वर्षं एकाच कढईसमोर उभा होता. कच्चं केळं सोलायचं, खिसणीवर धरून चकत्या थेट कढत तेलात सोडायच्या आणि मग शेजारच्या तांब्यातलं मिठाचं पाणी पळीभर घेऊन वरून मारायचं. चर्रर्र आवाज होई, फेस काठापर्यंत चढे आणि मुकाट खाली बसे. गुजरातकडे जाणारी माणसं गाड्या थांबवून मोबाइलवर ते टिपत, आणि लडक्याची मान जरा जास्तच ताठ होई.

"तेलाचं न पाण्याचं वैर लोकांकडं," तो म्हणे. "माझ्या हातात दोघं नांदतात."

मागे पाकिटं भरायला भिकी असे. पन्नाशीची बाई, लडक्याच्याच पाड्यातली. आधी ती एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. तिथे आग विझवणारी माणसं आली होती आणि त्यांनी पटांगणात एका कढईत थोडं तेल पेटवून दाखवलं होतं. लांब काठीला बांधलेल्या डब्यातून त्यांनी त्यावर कपभर पाणी ओतलं, तशी आग आंब्याच्या शेंड्याला भिडेल इतकी उडाली. नंतर दुसऱ्या कढईतली आग एका झाकणाखाली गपगार झाली. भिकीने ते डोक्यात पक्कं ठेवलं. इथे आल्यावर तिने शेठच्या मागे लागून तलासरीहून कढईपेक्षा वीतभर मोठं पत्र्याचं झाकण करून आणवलं.

लडक्या हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "झाकण? वेफर काय वरण आहे का, भिकीबाय, शिजत ठेवायला?"

"तेल पेटलं तर लागंल, दादा."

"एकोणीस वर्षांत नाही पेटलं. आता काय मुहूर्त पाहतंय?"

आणि त्याने ते झाकण नेऊन केळ्यांच्या घडांखाली अंथरलं, ओल लागू नये म्हणून. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. लडक्याला शब्द लागत नव्हते, एवढंच.

त्या दिवशी दुपारी सुरतेचं एक कुटुंब थांबलं. लडक्याने त्यांना पाण्याचा खेळ करून दाखवला, घाणा उपसला आणि पुढच्या घाण्यासाठी गॅस मोठा करून ठेवला. तेवढ्यात गाडीपाशी उभ्या पोराने हाक मारली, "काका, आवो ने, तुमचा व्हिडिओ बघा!" लडक्या गेला. स्वतःलाच पळी मारताना त्याने एकदा पाहिलं, मग म्हणाला, परत लाव. तिसऱ्यांदा लाव म्हणाला तेव्हा आतून भिकी ओरडली, "दादा, धूर!"

तो धावला. तेल नुसतं धुरकटत नव्हतं, पेटलं होतं. आग अजून हातभरच होती. भिकी घड भराभरा बाजूला ढकलून खालचं झाकण ओढत होती.

"पाणी नको! गॅस बंद कर!"

गॅसची चावी त्याच्या गुडघ्यापाशी होती. पण हात गेला तो सवयीच्या जागी. त्याने तांब्या उचलला आणि अख्खा कढईत रिकामा केला.

रोजचं पाणी पळीभर असे, चकत्यांवर पडे आणि तेल पेटलेलं नसे. हे पेटतं तेल रोजच्या दुपटीने तापलेलं. पाणी तेलाहून जड, ते खाली बुडालं आणि बुडताक्षणी त्याची वाफ झाली. तांब्याभर पाण्याची वाफ खोलीभर जागा मागते. तिने वरचं पेटतं तेल थेंबाथेंबाने उधळलं आणि प्रत्येक थेंब हवेत जाऊन पेटला. जाळ छताच्या पत्र्याला लागला. लडक्या मागच्या मागे पडला, त्याच्या भुवया तेवढ्या गेल्या. भिकी झाकण घेऊन पुढे आली होती. तेल तिच्या उजव्या हातावर आणि मानेवर पडलं.

जाळ खाली बसल्यावर तिने भाजल्या हातानेच चावी फिरवली. झाकण ढालीसारखं पुढे धरून तिने ते अलीकडच्या काठावरून पलीकडे सरकवलं. कढईला तिने हात लावला नाही, हलवली नाही. कडेने धूर आला, मग तोही थांबला. शेजारी जेवायला गेलेला शेठ धावत आला आणि विझली का पाहायला झाकण उचलू लागला, तेव्हा ती खेकसली, "उघडू नका! हवा लागली का परत पेटंल. गार होऊ द्या."

मग ती नळाखाली हात धरून बसली. वीस मिनिटं पाणी सोडत राहिली, मानेवर ओलं फडकं धरून. पाण्याची जागा ही होती. लडक्या बघत उभा होता.

"पाणी कोणी मारलं?" शेठने विचारलं.

लडक्या जमिनीकडे बघू लागला.

"भिकी, तू घाबरलीस ना?" शेठ म्हणाला. "बायका घाबरून पाणीच ओततात."

भिकीने लडक्याकडे एकदा पाहिलं. त्याच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. रिक्षा आली, तिला दवाखान्यात घेऊन गेली.

त्या दिवसापासून लडक्याला भाकर गोड लागेना. पाड्यात भिकीच्या दारावरून जावं लागे, म्हणून तो नाल्याकडून फिरून जाई. मोबाइल घेऊन कोणी आलं की त्याची मान खाली जाई. मीठ तो आता तळून काढल्यावर वरून भुरभुरे. सगळ्यांत जास्त त्याला तो तिसऱ्यांदा लावायला सांगितलेला व्हिडिओ छळे. बाई भाजली ती आपल्या चुकीने, ही लाज होतीच. पण आपण स्वतःचंच कौतुक बघत होतो ही लाज सांगायलासुद्धा तोंड नव्हतं.

भिकी परत आली तेव्हा हाताची कातडी गुलाबी आणि ताणलेली होती. शेठ वाईट माणूस नव्हता, पण त्याने आधीच ठरवलं होतं. "भिकीबेन, तू आता घरीच राहा. आगीपाशी घाबरणारं माणूस परवडत नाही. दुसरी बाई बघितलीय मी."

भिकी खुंटीवरची पिशवी घेऊ लागली. गिऱ्हाइकं उभी होती. लडक्याने आधी गॅस बंद केला, मगच वळला.

"शेठ, पाणी मी मारलं." तो गिऱ्हाइकांदेखत म्हणाला. "तेल मी पेटवलं. गॅस मोठा ठेवून गाडीपाशी माझाच व्हिडिओ बघत होतो. ती पाणी नको म्हणून ओरडत होती. दुकान वाचवलं ते तिनं. आणि ज्या झाकणानं वाचवलं ते मी केळ्यांखाली घातलं होतं. काढायचं तर मला काढा."

शेठ एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला, मग पिशवीकडे बोट करून पुटपुटला, "राहू दे ती खुंटीला."

लडक्याने हात जोडले. "बाय, चुकलो."

भिकीने पिशवी परत अडकवली. "तेवीस दिवस," ती म्हणाली. "दवाखान्यात पडल्या पडल्या मोजत होते, आज सांगंल, उद्या सांगंल. हात दहाव्या दिवशी दुखायचा थांबला, दादा."

ती कढईपाशी आली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "झाकण कुठंय?"

ते भिंतीला, कढईपासून हाताच्या अंतरावर, मोकळं टांगलेलं होतं. ते तेवढं त्याने आगीच्या दुसऱ्याच दिवशी केलं होतं.