रक्त घेतल्याच्या दिवसापासून

जपानमधली नोकरी पक्की झाली, तेव्हा माझी कुत्री चार वर्षांची होती. चिंचोळी एमआयडीसीत मी कामाला होते, तिथल्या गेटवर ती मला पिल्लू असताना सापडली होती. तिलाही न्यायचं, हे मी गृहीतच धरलं होतं.

सात रस्ता चौकाजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे मी तिची लसीकरणाची वही घेऊन गेले. रेबीजची लस दरवर्षी न चुकता दिलेली होती. डॉक्टर म्हणाले, "ही लस जपानला चालणार नाही. आधी मानेत ओळख नंबराची चिप बसवायची, मग लस. चिपच नसेल, तर लस याच कुत्रीला दिली हे कशावरून?"

म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. चिप, लस, महिन्याभराच्या अंतरानं दुसरी लस, मग रक्त. रक्तातली प्रतिकारशक्ती पुरेशी आहे असा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल हवा. शिवाय रक्त घेतल्यापासून एकशेऐंशी दिवस थांबायचं. त्याआधी नेलं, तर उरलेले दिवस ती तिथल्या क्वारंटाईनमध्ये, पिंजऱ्यात.

मला तर तिचं रक्त तपासणीला दिल्यानंतर लगेच निघायचं होतं. आईला कुत्र्यांची फारशी आवड नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिकडं कोंडून घालायचं असंल तर हितंच राहू दे की. मी बघते."

अहवाल चांगला आला. मी तेव्हा जपानमध्ये होते. डॉक्टरांनी तो ईमेलनं पाठवला. कुत्रीला आणणार असल्याची आगाऊ सूचना मी तिथल्या क्वारंटाईन कार्यालयाला वेळेत दिली. आईला व्हिडिओ कॉल केला की कुत्री बहुतेक झोपलेली असायची, आईच्या खाटेखाली. विमानासाठी मागवलेला पिंजरा आईनं स्वयंपाकघरात ठेवला होता. कुत्रीला आत बसायची सवय व्हावी म्हणून ती रोजची भाकरी त्यातच द्यायची.

मुदत संपल्यावर मी न्यायला आले. कुत्रीनं मला ओळखलं, हात चाटले आणि परत आईपाशी जाऊन बसली. मी म्हटलं, "हिला इथंच ठेवूया का?"

"एवढं सगळं केलं ते कशाला मग?" आई म्हणाली. "माझं वय झालंय. उद्या मला काय झालं तर हिला कोण बघणार?"

डॉक्टरांनी तपासून आरोग्य प्रमाणपत्र दिलं. ते घेऊन आम्ही गाडीनं मुंबईच्या सरकारी क्वारंटाईन कार्यालयात गेलो. तिथं तिला पाहून निर्यातीचं प्रमाणपत्र मिळालं. आई आली नाही. पिंजऱ्यात तिनं स्वतःची एक जुनी साडी अंथरून दिली होती.

जपानच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं तिच्या मानेवरून यंत्र फिरवलं, नंबर कागदांशी ताडून पाहिला. दोन-तीन तासांत तिला सोडलं.

मी आईला फोन लावला.

"खाल्लं का तिनं?"

"थोडं खाल्लं."

"बरं. हितं लई शांत झालंय," म्हणाली, आणि तिकडं थंडी किती आहे ते विचारू लागली.