फाट्यावरचा थांबा आणि दोनशे ऐंशी अक्षरं

लांबलचक मजकूर छाटण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असा माझा तोरा होता. गावातली कुठलीही तक्रार इंटरनेटवर टाकायची झाली की लोक माझ्याच ओट्यावर येत.

शेजारच्या काकू आल्या त्या नातीसाठी. आमच्या फाट्याला बसचा मंजूर थांबा नव्हता. आधीचा ड्रायव्हर तरी थांबायचा, पोरी धावत येताना दिसल्या तर हॉर्न वाजवून वाट बघायचा. तो दुसऱ्या मार्गावर गेला आणि नवा नियमाप्रमाणे सरळ पुढे जायला लागला. नातीचं शहाद्याचं कॉलेज बुडत होतं. असंच चाललं तर घरी बसवीन, असं तिचा बाप म्हणत होता.

काकू सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. नमस्कारापासून सुरुवात, मग पावसाळा, चिखल आणि त्या ड्रायव्हरचं कौतुक. शेवटी आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "त्यानं भलं होवो, हाई पण लिख बरं."

मर्यादा दोनशे ऐंशी अक्षरांची. त्यात काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं मोजलं जातं. नमस्कार गेला, चिखल गेला. तरी आकडा लालच. मग हॉर्न गेला, वाट बघणं गेलं, भलं होवो गेलं. गावाचं नाव, बसचा मार्ग, वेळ आणि सगळ्या साहेबांचे टॅग सोडले तर उरलं ते असं: 'आधीचे चालक थांबा नसतानाही फाट्यावर बस थांबवत. नवे थांबवत नाहीत. मुलींचं कॉलेज बुडतं. थांबा मंजूर करा.'

"लिखं ना भलं?" काकूंनी विचारलं. काकूंना वाचता येत नाही. मी हो म्हणून मोकळी झाले.

थांबा मंजूर झाला. पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले. खरं तर शेवटची दोन वाक्यं पुरेशी होती. पण पहिल्या वाक्यात ठसका होता, म्हणून मी ते ठेवलं. थांबा नसताना बस का थांबवली, याचा खुलासा त्या ड्रायव्हरकडे मागितला गेला, हे मला तो स्वतः फाट्यावर आला तेव्हा कळलं.

त्या दिवशी बस त्याच्याकडेच होती. काकू आनंदानं पुढे झाल्या. "भाऊ, आम्ही तुमनं भलं लिखेल शे!"

"वाचलं मी, मावशी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "भलं काही दिसलं नाही त्यात. साहेबांनाही नाही दिसलं."

काकू माझ्याकडे वळल्या. "वाचीसन दखाड ना त्याले."

शरमेनं माझे कान तापले. खोटं वाचावं असंही मनात आलं, पण तो समोर उभा होता. मी फोन काढला आणि होतं तेवढं वाचलं. वाचून संपलं, तरी काकू पुढचं ऐकायला थांबून राहिल्या.